चोवीस तास गरम म्हणजे नक्की किती गरम?

बाटलीची गोष्ट सांगतो म्हटल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जे हसू आलंय ना, ते आधी पुसा. ह्यात कुणी पीत नाही. कुणी बिघडत नाही, कुणी सुधारत नाही, शेवटी कुणी रडत रडत बाटली फोडत पण नाही. ह्यात पाणी आहे. गरम पाणी. ते बाटलीत भरतात आणि मग ते हळूहळू गार होतं. संपली गोष्ट.

उठू नका ओ. हळूहळू म्हणजे किती हळू, ह्याच्यावरून आमच्या ऑफिसात जे महाभारत झालं ते अजून बाकी आहे.

मी शहापूरकडच्या मराठी शाळेत शिकलो. अभ्यासात मी असा होतो की मास्तर माझं नाव घेताना आधी श्वास घ्यायचे. मी त्या श्वासाची पण नक्कल करायचो. पुढे कॉलेजात मोबाईलवर व्हिडिओ करायला लागलो, वेगवेगळ्या आवाजांत. भाजीवाली, बँकेतला कॅशियर, पोराला उठवणारी आई. तेवढ्या जोरावर मला ठाण्याच्या इंडस्ट्रियल पट्ट्यात नोकरी लागली. स्टीलच्या थर्मास बाटल्यांची छोटी कंपनी. माझं काम बाटल्यांचे व्हिडिओ करायचे, वर आवाज द्यायचा. टिटवाळ्याला घर, ठाण्याला बाटल्या. घरी सांगितलं तर आजी म्हणाली, "बाटलीला काय बोलायचं असतं रे?"

कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि मागे गोडाऊन. मालकांना आम्ही साहेब म्हणतो. नौपाड्यातले, पन्नाशी ओलांडलेले, पांढरा शर्ट, मऊ बोलणं. रागावले तरी असं वाटतं की पत्ता विचारतायत. बाटल्या बाहेरच्या कारखान्यात बनून येतात, आमच्याकडे तपासून खोक्यात भरतात. पॅकिंगला एक मावशी आहेत, त्यांना कुठल्याही विषयावर मत आहे. आणि क्वालिटीला ताई. कोपरला राहतात, इंजिनिअर आहेत, आणि आवाज असा की गोडाऊनमधून हाक मारली तर खोकी आपोआप रांगेत उभी राहतात. त्यांचा आवाज काढायला मला तीन आठवडे लागले. शेवटी कळलं की तो गळ्यातून येत नाही, भुवईतून येतो.

तर साहेबांचं एक स्वप्न होतं. आमच्या बाटल्या जायच्या भांड्यांच्या दुकानांत आणि दिवाळीच्या गिफ्टांत. साहेबांना पाहिजे होती मोठ्या दुकानांची साखळी, जिथे ट्रॉली ढकलत माणसं फिरतात. कित्येक वर्षं चकरा मारून एकदाचा तिथल्या खरेदीवाल्या बाईंचा होकार आला. पण होकाराला शेपूट होती. बाईंनी विचारलेलं, 'तुमच्या खोक्यावर २४ तास गरम लिहिलंय. कशावरून?'

आमच्या खोक्यावर खरंच लिहिलेलं. पिवळ्या फुटलेल्या चांदणीत, लाल अक्षरांत. लिटरच्या बाटलीवर, अर्ध्या लिटरच्या बाटलीवर आणि लहान मुलांच्या स्ट्रॉवाल्या छोटीवर पण. तिन्हींवर तीच चांदणी.

साहेबांनी उत्साहात कारखान्याचा टेस्ट रिपोर्ट पाठवला. बाईंचा उलटा प्रश्न. 'हा रिपोर्ट लिटरच्या बाटलीचा आहे. बाकी दोन साईझचा? झाकण तेच आहे का? सॅम्पल कुणी निवडले? आणि चोवीस तासांनी पाणी किती डिग्री होतं ते तुम्हीच वाचा.'

वाचलं. लिटरच्या बाटलीत चोवीस तासांनी पन्नासच्या जरासं वर.

"बघा, गरमच आहे की," साहेब म्हणाले.

ताईंची भुवई वर गेली. "साहेब, पन्नास म्हणजे काय ते सांगा."

"पन्नास म्हणजे... मॅडम, गार तर नाही ना?"

"गार नाही म्हणजे गरम नाही. मध्ये बरंच काय काय असतं."

इथून आमच्या ऑफिसात तीन दिवस एकच वाद. गरम म्हणजे काय? तुम्हाला वाटेल किती सोपं आहे. करून बघा. मावशी म्हणाल्या हात भाजला पाहिजे. साहेब म्हणाले आतून बरं वाटलं पाहिजे. मी म्हटलं, "समोरच्याने फुंकर मारली पाहिजे, मग गरम." तर ताई म्हणाल्या, "हा पहिल्यांदा काहीतरी कामाचं बोलला."

मग त्यांनी काय केलं, किटलीत पाणी उकळलं, आत थर्मामीटरची तार सोडली आणि आकडा आमच्यापासून लपवला. पाणी जसं उतरेल तसे कप भरून आमच्या पुढे. आम्ही फक्त एक शब्द बोलायचा.

पहिला कप. मावशी ओरडल्या, "अगं बाई, जीभ गेली!"

नंतरचा. "हां, हा चहा," साहेब.

नंतरचा. "हा चहा, पण बायको रागावलेली असताना मिळतो तसला," मी.

त्याच्या पुढचा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मावशींनी कपात बोट घातलं आणि निकाल दिला, "ह्याने डोकं धुवायचं."

ताईंनी आकडा दाखवला. पन्नासच्या जरासं वर. आमचा चोवीस तासांचा गरम आकडा. साहेबांनी आपला कप हळूच मावशींकडे सरकवला.

तो 'हा चहा' वाला कप साठच्या वर होता. तिथे आमची रेघ पडली. साठच्या वर राहिलं तरच गरम म्हणायचं, आणि ते खोक्यावर पण सांगायचं. बाईंनी फोनवर ऐकून घेतलं, म्हणाल्या, "चालेल. व्याख्या आहे तर आता पुरावा द्या. तिन्ही साईझचा. पंधरवड्याने मी येते, तेव्हा ठरवू बाटल्या आमच्या दुकानांत येणार की नाही."

म्हणजे साहेबांचं स्वप्न आता किटलीत उकळत होतं.

टेस्ट कशी करायची ते ताईंनी आम्हाला समोर बसवून शिकवलं, शाळेसारखं. रिकाम्या बाटल्या झाकण काढून खोलीत ठेवायच्या, खोलीइतक्या गार होऊ द्यायच्या. मग उकळतं पाणी भरायचं, झाकणाच्या तळाला लागेल इतपत. आतलं पाणी पंचाण्णववर उतरलं की झाकण बंद. मग उभी ठेवायची आणि हात लावायचा नाही. सहा तासांच्या बाटल्या वेगळ्या, बारांच्या वेगळ्या, चोवीसच्या वेगळ्या.

"एकच बाटली तीनदा उघडून बघितली तर?" मी विचारलं.

"उघडलीस की वाफ गेली, ती बाटली बाद. उष्णता सगळ्यात जास्त तोंडातून जाते."

"तुमची पण ताई."

खडू असता तर लागला असता.

सॅम्पल निवडतानाच पहिलं भांडण. साहेब गोडाऊनमधून चकाचक बाटल्या पुसून घेऊन आले. "मॅडम, ह्या घ्या, ह्या छान दिसतायत."

"ठेवा त्या. सीलबंद खोकी दाखवा, मी काढते. दुकानात गिऱ्हाईक काय नवरदेव निवडतं का? हाताला लागेल ती उचलतं." आणि डोळे मिटून मधलीच खोकी ओढली.

दुसरं भांडण एसीचं. टेस्टच्या खोलीत ताईंनी एसी लावून ठेवला, भिंतीवर अजून एक थर्मामीटर. साहेब म्हणाले, "अहो, ठाण्यात कोण एसीत बाटली ठेवतं? आपल्याकडे उन्हाळ्यात घरात पस्तीस असतं. त्याचा फायदा घ्या की."

"तोच फायदा घ्यायचा नाहीये. खोली तापलेली असली की पाणी हळू उतरतं आणि आपला आकडा फुगतो. तीच बाटली उद्या कुणी महाबळेश्वरला घेऊन गेला तर तो तुम्हाला शिव्या घालेल, मला नाही."

मग मी पाट्या केल्या. 'उघडू नका, बाटल्या झोपल्यात.' तरी दर दहा मिनिटांनी कुणीतरी डोकवायचं. माल न्यायला आलेला टेम्पोवाला दादा पण म्हणाला, "एक खोलून बघू का? कळेल तरी." माणसाला बंद झाकण सहन होत नाही, हे मला त्या आठवड्यात कळलं.

पहिल्या टेस्टच्या दिवशी ताईंच्या मुलाच्या शाळेत पालकसभा होती. साहेब म्हणाले, "तुम्ही जा मॅडम. भरायचं तर काम आहे, मी सकाळी लवकर येऊन भरतो. सगळं पाठ आहे मला." ताई जरा घुटमळल्या, पण गेल्या.

संध्याकाळी ताई परत आल्यावर बारा तासांच्या बाटल्या उघडल्या. लिटरची झक्कास. आणि अर्ध्या लिटरची? साठच्या वर! जेमतेम, पण वर. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी टेबलावर चढून क्रिकेटच्या कॉमेंट्रीवाल्याच्या आवाजात, "आणि हा चेंडू... सीमारेषेच्या... बाहेर!" मावशी म्हणाल्या, "पोरगं पडेल." समोरून समोसे आले. साहेबांनी स्वतःच्या हाताने ताईंना समोसा दिला, आणि आनंदाच्या भरात बोलून गेले, "माझ्या आईची पद्धत आहे ओ. फसतच नाही कधी."

ताईंचा समोसा हवेत थांबला. "कसली पद्धत?"

"अहो तीच. थर्मास भरायच्या आधी उकळतं पाणी घालून, झाकण लावून, पाच मिनिटं ठेवायचा, मग खंगाळून टाकायचं. आणि नवीन पाणी उकळतं उकळतं ओतून पटकन झाकण. वाफ जाऊ द्यायची नाही. आमच्याकडे कुणी हॉस्पिटलात असलं की आई असाच भरायची. मग अर्ध्या ठाण्याला चहा पाजला तरी गरम."

समोसा बशीत परत गेला. मला तर तेव्हाच हसू फुटायला लागलेलं, मी खिडकीकडे तोंड केलं.

"साहेब, पंचाण्णवची वाट बघितली का?"

"वाट बघत बसलो तर गार नाही का होणार?"

"झाकणं पण तापवली?"

"झाकणं तर आधी!"

बघा, ह्यात लबाडी एवढीशी पण नव्हती. नौपाड्यात काय, अख्ख्या डोंबिवलीत काय, थर्मास म्हटला की प्रत्येक घरात हेच शिकवलेलं असतं. साहेबांनी त्या बाटल्यांचं आजारपणात करतात तसं केलेलं, मायेने. पण ताईंनी तिथेच कागदावर हिशेब मांडला, त्या मायेने आकडा तीन डिग्री तरी वर गेलेला, आणि अर्ध्या लिटरच्या बाटलीला तेवढेच तीन डिग्री पाहिजे होते.

"अहो मॅडम, तीन डिग्रीने काय होतं? लोक पण घरी असंच करतात."

"सगळे करतात का? हॉस्टेलवरचा पोरगा करतो? आणि करत असतील तर मग ते खोक्यावर लिहायला पाहिजे. नाही तर असं करा साहेब, प्रत्येक खोक्यात एक आई पॅक करा."

मी खाली बसलो. शब्दशः. पोट धरून जमिनीवर. साहेब पण हसले, मग हसता हसता एकदम म्हणाले, "पण मग बारा तास जातील ओ. बाई नाही म्हणतील." आणि पुन्हा हसायला लागले, पण ते हसू वेगळं होतं, मला काढता नाही आलं.

"जाऊ दे. जे येईल ते येईल," ताई म्हणाल्या. "त्यांच्या लॅबमध्ये उद्या आपलीच बाटली उघडली आणि तिथे आई नसली तर? तेव्हा फक्त ऑर्डर जाणार नाही, दारच बंद होईल. पुन्हा करू. आणि मी भरणार."

दुसरी टेस्ट. ताई सकाळीच हजर, केस वर बांधलेले, युद्धाला निघाल्यासारख्या. थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात घालून शून्य दाखवतो का बघितलं, त्याचा लॅबचा दाखला तपासला, मग एकेक बाटली भरली. पंचाण्णव आलं की मला सांगायच्या, "बंद!" आणि मी मिलिटरीवाल्याच्या आवाजात, "बंऽऽद!" म्हणून झाकण फिरवायचो. साहेबांना खोलीच्या बाहेर खुर्ची दिलेली, पेशंटच्या नातेवाइकासारखी.

दुपारी मी जेवून आलो तर साहेब खुर्चीत नाहीत. खोलीचं दार किलकिलं. आत बघतो तर साहेब चवड्यांवर, हातात काश्मिरी शाल.

"साहेब?"

"श्श! अरे, एसीचा वारा थेट येतोय त्यांच्या अंगावर. नुसती पांघरतो. उघडत नाहीये ना मी!"

"ताईंनी बघितलं तर तुम्हाला पण सीलबंद करतील."

"एवढीशी टोकाची तरी? वाऱ्याच्या बाजूने?"

मागून भुवईचा आवाज आला. मी सांगत होतो ना, भुवईतून येतो. साहेबांनी शाल स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "मलाच गार लागत होतं, मॅडम." एप्रिल महिना होता.

ताईंनी एसीची पट्टी वर केली, वारा छताकडे वळवला. "हे बरोबर बोललात. थेट वारा नको. पण शाल पण नको." साहेब एवढे खूश झाले की बाहेर येऊन मला सांगितलं, "बघितलंस? माझा मुद्दा घेतला."

निकाल आला. लिटरची बाटली बारा तासांना आरामात साठच्या वर. अर्ध्या लिटरची सहाला मस्त, बाराला साठच्या खाली. चोवीसला ती कोमट म्हणावी की नको अशी. लहान बाटलीत जीव कमी, गरमी लवकर पळते, ताईंनी समजावलं. आणि मुलांची स्ट्रॉवाली? ती सहालाच ढेपाळली, तिच्या झाकणात स्ट्रॉचं भोक.

"हिच्यावर गरम हा शब्दच नको," ताई म्हणाल्या. "पोरं स्ट्रॉने गरम ओढतील, तोंड भाजेल. हिची गार पाण्याची टेस्ट वेगळी करू. गरमचा आकडा गारला चिकटवायचा नाही."

साहेबांनी कागदावर सरासरी काढायला घेतली. ताईंनी पेन काढून घेतलं. "सरासरी नाही. सगळ्यात कमी आलेली बाटली धरायची. ती पण कुणाच्या तरी घरी जाणार आहे."

बारा, सहा आणि काहीच नाही. कुठे ती पिवळी चांदणी आणि कुठे हे. साहेब खुर्चीत बसून म्हणाले, "बाजूच्या कंपनीच्या खोक्यावर तीस लिहिलंय रे." मला त्या क्षणी त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण शर्ट फार पांढरा होता.

बाई आल्या त्या दिवशी साहेबांनी टेबलावर तीन बाटल्या मांडलेल्या, देवासारख्या. बाई बारीक चष्म्याच्या, हसू जपून वापरणाऱ्या. बसल्या आणि विचारलं, "हं. चोवीस तास?"

साहेबांचं तोंड उघडलं. बंद झालं. परत उघडलं. ताई फाईल शोधायला आत गेलेल्या. खोलीत अशी शांतता की एसी पण संकोचला. आणि मला शांतता सहन होत नाही, हा माझा आजार आहे. मी लिटरच्या बाटलीच्या मागे वाकलो आणि माझ्या तोंडातून जुन्या नौपाड्यातल्या आजोबांचा आवाज निघाला, शुद्ध, पुणेरी वळणाचा, जरा खोकत. "नमस्कार. बारा तासांपर्यंत माझी जबाबदारी. मला पूर्ण भरलेले असावे, मधे उघडू नये, उभे ठेवावे. पुढचे मी बोलत नाही."

बाईंनी माझ्याकडे नाही, बाटलीकडे बघितलं. "आणि चोवीस तासांनी आजोबा?"

आता साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. पण मी आजोबांच्या आवाजात अडकलेलो, आणि आजोबा खोटं बोलणारे नव्हते. "चोवीस तासांनी, बाई, मी आंघोळीला बरा. चहाला नव्हे."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

मी घाईने मधल्या बाटलीवर गेलो, डोंबिवलीची नोकरीवाली बाई, भरभर बोलणारी. "अहो माझे सहा तास पक्के हं, सकाळी भरा, दुपारी जेवताना प्या, त्याच्या पुढे मला ओव्हरटाईम सांगू नका, घरी पोरं आहेत!" आणि छोटीचा बोबडा, "मला गलम नको. मी भादते."

बाई हसल्या. पहिल्यांदा दात दिसले. पण लगेच चष्मा सरळ केला. "छान. आता हेच कागदावर दाखवा." तेवढ्यात ताई फाईल घेऊन आल्या आणि पुढचा एक तास मी गप्प. बाईंनी एकेक आकडा विचारला. सॅम्पल कुठून, खोली किती डिग्रीला, थर्मामीटर कुणी तपासला. पहिल्या टेस्टचं पान आलं तेव्हा ताईंनी सरळ सांगितलं, "ही बाद. भरताना बाटल्या आधी तापवलेल्या."

"कुणी?"

"आईच्या पद्धतीने," साहेब हळूच म्हणाले.

बाईंनी पान उलटलं. "माझी सासू पण तसंच करते." आणि मग शेवटी, "बारा आणि सहा मला चालतील. चांदणी काढा. पुढे मोठ्याने एक ओरडायचं आणि मागे बारीक अक्षरांत दुसरं सांगायचं, असलं नको. आकड्याच्या खालीच, वाचता येईल असं, किती डिग्रीला भरलं, शेवटी किती राहिलं, भरलेली आणि न उघडलेली. झाकण बदललंत किंवा कारखाना बदललात तर टेस्ट पुन्हा. सुरुवात काही दुकानांपासून करू. तुमची जाहिरात पण आधी मला दाखवायची."

त्या गेल्यावर साहेबांनी शाल काढली, कपाटातच होती, आणि ताईंच्या खांद्यावर घातली, सत्कारासारखी. ताई "अहो काय हे" म्हणत लाल झाल्या. मावशींनी शिट्टी मारली. मावशींना शिट्टी मारता येते हे तेव्हा कळलं. आम्ही गोडाऊनमध्ये नाचलो. मी साहेबांच्या चालीत, साहेब माझ्या चालीत.

आणि त्याच आनंदात, त्याच दिवशी, मी व्हिडिओ केला. काय केलेला! लिटरची बाटली, मागे डोंगर, मित्राची बाईक, माझा आवाज जरा खर्जात: "बारा तास. वाफाळता चहा. प्रवासभर घोट घोट घ्या." अंगावर काटा आला माझ्याच. साहेबांना दाखवला, त्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, "पाठव बाईंना." पाठवला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात शिरलो तर ताई दारातच. हातात फोन, फोनवर बाईंचा एका ओळीचा निरोप. 'घोट घोट घेत बारा तास, ही टेस्ट कधी केली? उत्तर येईपर्यंत माल थांबवते.' साहेब मागे खुर्चीत, पत्ता विचारायच्या चेहऱ्याने.

"ये, ये. मिमिक्रीवाल्या. बस. नाही, उभाच राहा," ताईंनी सुरुवात केली. "बाटली किती वेळा उघडलेली आपण?"

"एकदाच, शेवटी."

"आणि घोट घोट म्हणजे? झाकण न उघडता काय भुतासारखं आरपार जाऊन प्यायचं? प्रत्येक घोटाला गरमी बाहेर, पाणी कमी, आत हवा जास्त. बारा तासांनी काय राहील माहितीय तुला? मला पण नाही माहीत! बघितलंच नाही आपण! वाफाळता म्हणे. साठ डिग्रीची वाफ तुला डोंगरावर दिसली का? तू त्या कपाच्या मागे अगरबत्ती लावलेलीस, मला मावशींनी सांगितलं. चहा! चहा कधी भरला होता रे आपण? पाणी भरलेलं, साधं पाणी. दूध घातलेला चहा बारा तास बंद ठेवला तर नासतो, उघडल्यावर वास मारतो, आणि तू तो जाहिरातीत पाजतोयस लोकांना! साहेबांनी एवढ्या वर्षांनी मिळवलेलं तू तीन वाक्यांत उधळायला निघालास. आणि साहेब, तुम्ही रडलात काय ते बघून? मी इथे एकेका डिग्रीसाठी डोकं फोडतेय आणि तुम्ही दोघं डोंगर बघताय. आत्ता बाईंना फोन लावते, सांगते व्हिडिओ मागे घेतला. हसतोयस? हस, हस. उद्या सकाळी लवकर ये. दुधाचा चहा भरून, दर तासाला एक घोट काढून नवीन टेस्ट लावतेय मी. आणि बारा तासांनंतर त्या नासक्या चहाच्या सगळ्या बाटल्या तू घासणार आहेस, ब्रशने, आतून, वास जाईपर्यंत!"